दोन ट्रॅक्टर, तीन ट्रॅक

पहाटे ४.४०

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. पहाटेची थंडी अजून आहे, म्हणून पंखा बंद ठेवता येतो. आवाज रेकॉर्ड करायच्या कामात पंखा बंद ठेवता येणं ही मोठी सोय. मे महिन्यात इथला पोरगा पंख्याखाली बसून बोलतो आणि मग संध्याकाळ त्या घरघरीच्या मागे लागते.

दिंडोरीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, मळ्यातलं घर. खोली दहा बाय आठ, वर पत्रे. आधी इथं औषधांचे डबे आणि ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी असायची. भेंडोळी अजून कोपऱ्यात आहेत. समोरच्या आणि पाठीमागच्या भिंतीवर जुन्या गोधड्या खिळ्यांनी ठोकल्या आहेत. पत्र्याखाली आवाज घुमतो, तो गोधड्या खातात. दुकानात फोमचे चौकोन मिळतात. पण पातळ फोम फक्त वरचा किणकिणाट कमी करतो, घुमणं तसंच राहतं. गोधडी जाड असते आणि घरातली असते.

पोरगा चोवीस वर्षांचा. नाव छापू नका म्हणाला, चॅनेलचंही नको. चॅनेल लहान आहे. मराठीत बोलत बोलत गेम खेळायचा, ते रेकॉर्ड करायचं, आठवड्याला दोन व्हिडिओ टाकायचे. गेम आहे फार्मिंग सिम्युलेटर २२, स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअर कंपनीचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये आला आणि त्यात द्राक्षबाग आली. द्राक्षाच्या तालुक्यातला पोरगा स्क्रीनवर द्राक्ष पिकवतो, एवढंच त्या चॅनेलचं भांडवल. त्याच्यानंतरची आवृत्ती, २५, त्यात भात आहे, म्हशी आहेत. ती ह्या मशीनवर नीट चालत नाही.

मशीन नाशिकहून आणलेलं, वापरलेलं. सव्वीस हजार. त्यात जीटीएक्स १६५० कार्ड. माइक साडेतीन हजारांचा, यूएसबीचा, डायनॅमिक. आधी कंडेन्सर होता, बावीसशेचा. तो शेजारच्या गोठ्यातली गाय रवंथ करायची तेही ऐकायचा, असं हा सांगतो. डायनॅमिक माइकला तोंड वीतभर अंतरावर लागतं, पण लांबचं तो फारसं उचलत नाही. हेडफोन बंद कपांचे, अठराशे. कॅमेरा लॉजिटेकचा सी२७०. सगळ्यात शेवटी घेतला.

पहाटे ५.००

ओबीएस उघडतो. हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम, फुकट मिळतो. नवखी पोरं त्यात ‘डेस्कटॉप ऑडिओ’ चालू ठेवतात. म्हणजे कॉम्प्युटरमधून जे जे वाजेल ते सगळं एकत्र रेकॉर्ड होतं: गेम, मेसेजची टिणटिण, मागे उघडा राहिलेला ब्राउझर. त्यानं ते सेटिंगमध्ये जाऊन बंद केलंय. त्याऐवजी सोर्समध्ये `Application Audio Capture` घेतलंय आणि त्यात फक्त गेमची खिडकी निवडलीय. आता मेसेज आला तरी त्याच्या कानाला ऐकू येईल, फाइलमध्ये जाणार नाही.

दोन्ही ठेवले तर? त्यानं मला मुद्दाम करून दाखवलं. गेमचा आवाज दोन वाटांनी येतो, एक वाट किंचित मागे. ट्रॅक्टर पाइपातून चालल्यासारखा पोकळ ऐकू येतो. कॅमेऱ्याला स्वतःचा माइक असतो, तोही बंद करावा लागतो. नाहीतर बोलणं दोनदा ऐकू येतं, एक जवळचं, एक खोलीच्या टोकाचं.

मग ट्रॅक. ओबीएस एका व्हिडिओत सहा वेगळे ऑडिओ ट्रॅक ठेवू शकतो. हा तीन वापरतो. पहिल्यावर सगळं एकत्र, पटकन ऐकून बघायला. दुसऱ्यावर फक्त गेम. तिसऱ्यावर फक्त त्याचं बोलणं. कुठला आवाज कुठल्या ट्रॅकवर जायचा त्याच्या खुणा एका तक्त्यात करायच्या, आणि रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये तिन्ही ट्रॅकवर टिक करायची. ही दुसरी टिक राहिली तर तक्ता कितीही नीट भरा, फाइलमध्ये एकच ट्रॅक सापडतो. आणि ते कळतं संध्याकाळी.

“तीन वेगळे कशाला? शेवटी एकत्रच करतोस ना?” मी विचारलं.

“दादा, एकत्र करणं सोपंय,” तो म्हणाला. “वेगळं करता येत नाही.”

पहाटे ५.१०

गेममधला रेडिओ बंद आहे का ते बघतो. ही तपासणी तो कधी चुकवत नाही. मागे एकदा ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये रेडिओ बारीक चालू राहिला होता, दोनेक मिनिटं. व्हिडिओ टाकल्यावर गाण्याच्या मालकाचा दावा लागला. जाहिरातीचे पैसे तिकडे गेले. गेमचा ट्रॅक वेगळा होता, पण रेडिओ आणि इंजिन दोन्ही गेमच्याच पोटातून येतात. ते ओबीएसला सुटे करता येत नाहीत. म्हणून संगीत गेमच्या सेटिंगमध्येच शून्य करायचं. इंजिन, पक्षी, वारा राहू द्यायचा.

आता कॅमेरा. त्याची चौकट कुठं बसवायची हे गेम ठरवतो. इथं खाली डावीकडे नकाशा असतो, खाली उजवीकडे वेग आणि डिझेल, वर उजवीकडे वेळ आणि पैसे. वर डावीकडे मदतीची यादी असते, ती एफ१ दाबून बंद होते. म्हणून चौकट तिथं. छोटी, पडद्याच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाएवढी.

टेबलावर एलईडीचा दिवा आहे, साडेसहाशेचा, त्यावर बटर पेपर चिकटवलाय. दिवा नसला तर दोन गोष्टी होतात. अंधार पडला की हा कॅमेरा उजेड गोळा करायला प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो आणि चेहरा अडखळत हलतो. दुसरं, स्क्रीनवर हिरवं शेत आलं की चेहरा हिरवा होतो, आभाळ आलं की निळा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये विजेची फ्रिक्वेन्सी पन्नास हर्ट्झ निवडलेली आहे. आपली वीज पन्नासची. साठवर राहिलं तर काही दिव्यांच्या उजेडात चेहऱ्यावरून काळे पट्टे सरकत राहतात.

मागची भिंत गायब करायला त्यानं एकदा हिरवं शेडनेट टांगून पाहिलं होतं. जाळीच्या भोकांतून भिंत दिसत राहिली. आता मागे गोधडी दिसते. बघणाऱ्यांना गोधडी आवडते, त्याला काय करणार?

पहाटे ५.१८

रेकॉर्ड दाबतो आणि कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवतो. थांबवतो. ती दहा सेकंदांची फाइल उघडून एक एक फ्रेम पुढे नेतो. टाळीचा आवाज आधी येतो, हात चार फ्रेम नंतर भेटतात. सेकंदाला तीस फ्रेम म्हणजे एक फ्रेम सुमारे तेहतीस मिलिसेकंदांची. चार म्हणजे एकशे तीसच्या आसपास. कॅमेऱ्याचं चित्र यूएसबीतून यायला तेवढा उशीर करतं. म्हणून माइकला तेवढाच उशीर लावलेला असतो. आज तो आकडा शून्यावर आलेला दिसला, काल सोर्स काढून परत घातला होता म्हणून. पुन्हा १३० टाकतो. पुन्हा टाळी. आता जुळलं.

बोलून बघतो. ओबीएसच्या पट्टीवर हिरवा, पिवळा, लाल असे भाग असतात. बोलणं पिवळ्यात हवं, म्हणजे उणे वीस ते उणे नऊ डेसिबलच्या मधे. हसला तर जरासं लाल चालतं. शून्याला टेकलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. गेमचा आवाज हिरव्यातच ठेवायचा.

पहाटे ५.२५

“राम राम मंडळी.” सुरू झालं.

आवाज बदलतो त्याचा. एरवी हळू बोलतो. आता समोर दोनशे माणसं बसल्यागत बोलतो, आणि समोर आहे गोधडी. हात कीबोर्डवर, डोळे गेमवर, तोंड चालू. गेममध्ये तारांवर चढलेल्या वेलींच्या सरळ ओळी आहेत, युरोपच्या वाइनच्या बागांसारख्या. हा सांगतो की आपल्याकडं वाय पद्धत असते, मांडव असतो, घड खाली लोंबतात. इथं छाटणीचं यंत्र ओळीवरून फिरवलं की झालं. आपल्याकडं वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. मधे विरळणी, मधे जीएची डीपिंग, घड घड बुडवायचा. “हे इथं काय नाय बरं का. इथला शेतकरी सुखी आहे. पाऊस आला तरी मणी तडकत नाही.”

तीन मिनिटं गप्प बसला की माणूस व्हिडिओ सोडतो, हे त्याला आलेखावरून कळलंय. म्हणून गेममध्ये नुसतं सरळ चालायचं असेल तेव्हा बागेतलं काहीतरी सांगायचं. आज काय सांगायचं ते वहीत चार ओळींत लिहिलंय. त्यातल्या दोनच झाल्या.

पहाटे ५.४८

लाइट गेली.

स्क्रीन चालू आहे, कारण खाली यूपीएस. ते चिरकायला लागतं. चीं, चीं. ते माइकमध्ये जातंय. “मंडळी, लाइट गेली, येतो,” म्हणून तो थांबवतो आणि मशीन रीतसर बंद करतो. बॅटरी तीन वर्षांची. डब्यावर दहा मिनिटं लिहिलीत, चार मिळतात. नवी बॅटरी नऊशे रुपये. द्राक्षाचे पैसे आले की.

फाइल एमकेव्हीमध्ये जाते, एमपी४ मध्ये नाही. साधी एमपी४ फाइल शेवटी नीट बंद व्हावी लागते. मधेच वीज गेली तर अख्खी फाइल उघडत नाही, तास असो की मिनिट. एमकेव्ही जिथवर लिहिली गेली तिथवर शाबूत राहते. ओबीएसच्या नव्या आवृत्तीत ह्या भीतीतून सुटणारी हायब्रिड एमपी४ आली आहे. हा जुन्यावरच आहे. ज्याच्यावर पोट आहे ते बदलायला भीती वाटते, म्हणाला. मग स्वतःच हसला, कारण पोट ह्याच्यावर नाही.

सकाळी ६.०४

लाइट आली. दुसरी फाइल सुरू. पुन्हा टाळी.

आता गेममध्ये काढणी. ओळीवर पाय फाकून चालणारं यंत्र वेल हलवून मणी पाडतं. वडील दारात येऊन उभे राहिले. हेडफोनमुळं पोराला कळलं नाही. ते बराच वेळ बघत होते.

“असा हलवून पाडला तर घड कोण घेईल?” त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, वाइनची द्राक्षं असतील.

“वायनरीची मी पाहिलीत. तीबी बायाच काढतात,” असं म्हणून ते गेले. त्यांचं बोलणं तिसऱ्या ट्रॅकवर गेलं असणार.

त्यापेक्षा मोठी गोष्ट सहा दहाला झाली. शेजारच्या बागेत माल उशिराचा आहे. त्यांनी फवारणीचा ब्लोअर काढला. ट्रॅक्टर आमच्या भिंतीपासून तीस पावलांवर. पोराच्या कानात गेमचा ट्रॅक्टर चालू, बाहेर खरा. त्याला दोन्हींतला फरक कळायची सोय नाही. मला मात्र माइकची पट्टी दिसत होती. तो गप्प असला की ती पट्टी उणे साठच्या खाली पडून राहते. आता तो गप्प होता आणि पट्टी उणे चाळीसपाशी थरथरत होती. ओळखायची खूण हीच. कानावर भरवसा नाही, पट्टीवर ठेवायचा.

मी खांद्याला हात लावला तेव्हा पाच मिनिटं गेली होती.

ब्लोअर लांबच्या ओळींत गेल्यावर त्यानं राहिलेलं संपवलं. एकूण पन्नास मिनिटं, दोन फाइली. साडेसात जीबी.

सकाळी ६.४५

ह्या फाइली एडिटरला चालाव्यात म्हणून त्यांची एमपी४ करायची. चित्र परत बनवायचं नाही, फक्त डबा बदलायचा, म्हणून मिनिटात होतं.

```
ffmpeg -i sakal2.mkv -map 0 -c copy sakal2.mp4
```

ह्यात `-map 0` महत्त्वाचं. ते नसलं तर प्रोग्राम एकच ऑडिओ ट्रॅक उचलतो, बाकीचे मागे राहतात. मग तिसरा ट्रॅक तेवढा वेगळा काढून मोबाइलमध्ये घेतो. मोजणी शून्यापासून, म्हणून तिसऱ्याचा आकडा दोन.

```
ffmpeg -i sakal2.mkv -map 0:a:2 -c copy bolne2.m4a
```

दोन्ही फाइलींचं बोलणं मिळून साठ एमबीच्या आसपास. ते दिवसभर त्याच्या खिशात राहतात.

सकाळी ७.१५ ते ९.३०

बाग. काढणी चालू आहे. पेठ-सुरगाण्याकडचे मजूर मळ्यात मुक्कामाला आहेत. वडील मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरमध्ये साखर बघतात. पोरगा क्रेट उचलून रस्त्याला लावतो. व्यापाऱ्याची गाडी नऊला येणार म्हणून सांगितलं होतं, सव्वानऊला फोन आला की दुपारी. ह्या दोन तासांत त्यानं गेमचा ग सुद्धा काढला नाही.

सकाळी १०.००

दिंडोरी गाव. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. सातबारा, आधार, पीकविमा, कॉलेजचे अर्ज. पगार नऊ हजार, सहा वाजेपर्यंत.

गर्दी नसली की एक कान मोकळा ठेवून दुसऱ्या कानात तो सकाळचं बोलणं ऐकतो. नुसतं बोलणं, गेम नाही. समोर शंभर पानी वही. रेघा मारून तीन रकाने: वेळ, काय, काय करायचं. “१४.०५ खोकला.” “१६.२० डीपिंग, चांगलं, ठेव.” “शेवटी चीं चीं, काप.” दुसऱ्या फाइलच्या पानावर सहाव्या मिनिटापासून अकराव्यापर्यंत उभी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, “ट्रॅक्टर (खरा).”

मला हा भाग सगळ्यात आवडला. ज्या कामाला आपण कॉम्प्युटरचं काम म्हणतो त्याचं अर्धं वहीत होतं. रात्री स्क्रीनसमोर बसल्यावर काय कापायचं ह्याचा विचार करावा लागत नाही. आणि नुसता आवाज ऐकला की खोटं चटकन कळतं. कुठं उगाच ओरडला, कुठं तेच तीनदा सांगितलं.

दुपारी १.३०

डबा. भाकरी, ठेचा, वाटाण्याची उसळ. जेवताना जुनं निघालं.

सुरुवात पबजीनं झाली होती, मोबाइलवर. तेव्हा फोनमधला आवाज आतल्या आत रेकॉर्ड करायची सोय साध्या ॲपांना नव्हती. ती अँड्रॉइड १० मध्ये आली, २०१९ साली, आणि ह्याचा फोन त्याआधीचा. म्हणजे गेम स्पीकरवर वाजवायचा आणि फोनच्याच माइकनं गोळ्यांचा आवाज आणि स्वतःचं बोलणं एकदमच उचलायचं. ते व्हिडिओ अजून त्याच्याकडे आहेत. मी एक ऐकला. बंदूक आणि माणूस एकाच डब्यात कोंडल्यासारखे.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजी मोबाइल बंद केला. पुढच्या जुलैत बीजीएमआय आला, २०२२ च्या जुलैत तोही दुकानांतून गेला, २०२३ च्या मेमध्ये परत आला. “दुसऱ्याच्या बांधावर किती दिवस राहायचं?” तो म्हणतो. शेतीचा गेम कोणी बंद करणार नाही, असा त्याचा अंदाज. खेळणारे कमी, पण बोलायला भरपूर.

पैशाचं विचारलं. यूट्यूबवर लांब व्हिडिओंच्या जाहिरातीचा वाटा मिळायला हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास बघितलं जाणं लागतं. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. एक माणूस सरासरी चार मिनिटं थांबला तर साठ हजार वेळा कोणीतरी व्हिडिओ उघडायला हवा. हे त्याचं गेल्या गणपतीत पूर्ण झालं. जाहिरातीच्या पैशातले पंचावन्न टक्के त्याला. शंभर डॉलर साठल्याशिवाय बँकेत येत नाहीत.

सबस्क्रायबर दोन हजारांना टेकलेत. थांबायची सरासरी आधी अडीच मिनिटं होती, आता चारच्या वर. मधल्या काळात गेम तोच, मशीन तेच, चेहरा तोच. माइक आणि ट्रॅक बदलले.

संध्याकाळी ७.४५

जेवून खोलीत. एडिटर दाविंची रिझॉल्व्ह, फुकटची आवृत्ती. फाइल टाकली की तीन आवाज तीन ओळींत उलगडतात. पहिली ओळ, सगळं एकत्र असलेली, लगेच काढून टाकतो. मग वही उघडून कापत जातो. पन्नास मिनिटांतली सतरा राहतात. ह्याला तास गेला.

बोलणं असेल तिथं गेमचा आवाज आपोआप खाली जावा अशी जोडणी लावतो, आठ-नऊ डेसिबलनं. गप्प झाला की इंजिन हळूच वर येतं. फार पटकन वर आलं तर प्रत्येक वाक्यानंतर ट्रॅक्टर दचकून उठल्यासारखा वाटतो. म्हणून वर यायला अर्धा सेकंद द्यायचा.

रात्री ८.५०

आता ती उभी रेघ. पाच मिनिटांतली एक मिनिट पन्नास सेकंदच घ्यायची आहेत, पण ती लागतात. काढणी यंत्र पहिल्यांदा चालतं ते तिथंच.

आधी सोपा उपाय करून दाखवतो. नॉइज गेट लावतो. गेट म्हणजे ठरावीक पातळीच्या खालचा आवाज बंद करणारं दार. गप्प असताना खरा ट्रॅक्टर गेला. पण बोलायला लागला की दार उघडतं आणि शब्दाबरोबर ट्रॅक्टरही आत येतो. शब्द संपला की दोघं एकदम गायब. हे आधीपेक्षा वाईट.

मग नॉइज सप्रेशन. एकसारख्या पंख्यावर ते बरं चालतं. ब्लोअर ओळीच्या टोकाला वळतो, इंजिन चढतं, उतरतं. ते काढताना शब्दांची टोकंही गेली. ‘हलवून’ मधला ह गेला, ‘घड’चा गड झाला. द्राक्षाच्या व्हिडिओत घडाचा गड झाला तर काय राहिलं? म्हणूनच सकाळी ओबीएसमध्ये तो असले फिल्टर लावत नाही. तिथं लावलेला फिल्टर फाइलमध्ये मुरतो, परत निघत नाही.

उरतं एकच. ते बोलणं पुन्हा करायचं.

तिसऱ्या ओळीतला तेवढा तुकडा काढून टाकला. दुसरी ओळ, गेमचा ट्रॅक्टर, जशीच्या तशी राहिली, स्वच्छ. तीन ट्रॅक ठेवण्याचा मोबदला हा. एकत्र रेकॉर्ड केलं असतं तर बोलणं काढताना यंत्राचा आवाजही गेला असता.

पण ओठांचं काय? कोपऱ्यातला चेहरा सकाळचं बोलतोय, आवाज रात्रीचा येणार. कॅमेऱ्याचं चित्र गेमवर चिकटूनच रेकॉर्ड झालंय, ते सोलून काढता येत नाही. कॅमेरा वेगळ्या फाइलमध्ये घ्यायचं प्लगिन मिळतं, पण मग कार्डाला एकाच वेळी दोन व्हिडिओ बनवावे लागतात आणि गेम अडखळतो. तेव्हा चौकटीवर त्याच मापाचा फोटो ठेवायचा. आजचा फोटो सकाळी बागेत काढलेला, क्रेटमधल्या घडांचा. चौकट रोज एकाच जागी असते म्हणून हे दोन क्लिकमध्ये होतं.

रात्री ९.२०

खिडकी लावली. कुत्र्याला आईनं पडवीत घेतलं. त्यानं सकाळसारखंच माइकपासून वीतभर तोंड धरलं. अंतर बदललं की आवाजाचा पोत बदलतो आणि जोड कळतो. तरी एक अडचण राहतेच. पहाटेचा आवाज जड असतो, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून रात्री तो वर चढतो. पहिला प्रयत्न त्यानं स्वतःच नापास केला. मग पाणी पिऊन, हळू, खालच्या सुरात. तिसऱ्या वेळी जमलं. वडिलांचा वाइनचा मुद्दाही त्यात घातला: “आमचे दादा म्हणतात, वायनरीचीबी बायाच काढतात.”

मी जोड शोधत ऐकलं. कुठं आहे ते माहीत असल्यामुळं सापडला. नाहीतर सापडला नसता.

रात्री १०.१०

शेवटचा आवाज मोजायचा. सगळं मिळून सरासरी उणे चौदा एलयूएफएसच्या जवळ आणतो. त्याहून मोठा आवाज यूट्यूब स्वतः खाली आणतो. बारीक असेल तर मात्र वाढवून देत नाही. बारीक व्हिडिओ बारीकच राहतो आणि पुढची जाहिरात कानात किंचाळते.

व्हिडिओ बनवायला लावला. सतरा मिनिटं, दीड जीबी. तोवर थंबनेल: यंत्र, घड, दोन शब्द. उजव्या खालच्या कोपऱ्यात काही ठेवायचं नाही, तिथं व्हिडिओची लांबी येते.

रात्री १०.५५

अपलोड मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. रोजचे दोन जीबी, त्यातले जपून ठेवलेले एक पॉइंट सात. आठ-नऊला टॉवरवर गर्दी असते, अकराकडे वेग बरा मिळतो. फोन खिडकीच्या गजावर, उताणा. पस्तीस-चाळीस मिनिटं लागतील. कॉपीराइटची तपासणी अपलोडबरोबर होते, ती हिरवी झाल्याशिवाय तो व्हिडिओ उघड करत नाही.

दिवसाचा हिशोब त्यानं वहीच्या मागच्या पानावर मांडला. मी विचारलं म्हणून. वीज दीड युनिट धरली, पंधरा रुपये. रिचार्जचा दिवसाचा वाटा बारा. यूपीएसच्या बॅटरीसाठी बाजूला दहा. सदतीस रुपये. वेळ साडेपाच तास, दुकानातलं ऐकणं आणि वही धरून सात. मजुरीच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

रात्री ११.३६

अपलोड झालं. तपासणी हिरवी. व्हिडिओ उद्या संध्याकाळी सातला उघडा होईल. बागेतली माणसं जेवून फोन हातात घेतात ती वेळ.

खात्यात एकोणसत्तर डॉलर साठलेत. शंभराला एकतीस कमी. सध्या महिन्याला आठ-नऊ पडतात, म्हणजे जून उजाडेल. एप्रिल-मेमध्ये लाइट किती वेळ जाते आणि पंखा किती लावावा लागतो, त्यावर ते अवलंबून आहे.